मदत हवी आहे: कोर्टाची तारीख बदलली, ॲपवर वेगळीच दिसतेय, वडिलांना नेण्याआधी काय तयारी करायची?

कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वडिलांनी काकांविरुद्ध वाटपाचा दावा लावला आहे. वडील ७८ वर्षांचे, गुडघे गेलेले, ऐकू कमी येतं. मी पुण्यात असतो. परवा ७ ला तारीख होती. संध्याकाळी वकिलांच्या क्लार्कचा फोन आला: "जज्जसाहेब रजेवर होते, तारीख २४ ला गेली. आता वादीचा पुरावा आहे. अण्णांना घेऊन यायचं, आधार आणि मूळ कागद सगळे आणायचे. दोन दिवस आधी ऑफिसला या, सरतपास वाचून घ्यायचाय." मी विचारेपर्यंत फोन ठेवला. मागे कोर्टाच्या आवारातला गोंधळ ऐकू येत होता, त्यामुळे त्यांना तरी काय बोलणार.

ई-कोर्टच्या ॲपवर दाव्याचा सीएनआर नंबर टाकला तर पुढची तारीख १२ दिसते. खरी कोणती? माझ्याकडे वडिलांचं कुलमुखत्यारपत्र आहे, मग मी एकटा गेलो तर नाही चालणार? आणि मूळ कागद म्हणजे नेमके कोणते? आमच्याकडे सातबारा, फेरफार आणि आजोबांच्या हयातीत झालेल्या घरगुती वाटणीच्या यादीची झेरॉक्स आहे. मूळ यादी काकांच्या कपाटात.

रावसाहेब_क

मुखत्यारपत्र नोंदणीकृत असेल तर बिनधास्त तुम्ही जा. माझ्या मेव्हण्याचा दावा मीच चालवला, सगळीकडे माझ्याच सह्या. या वयात म्हाताऱ्या माणसाला कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढायला लावता?

चेकवाला

माझी चेक बाउन्सची केस आहे, समोरचा दर तारखेला गैरहजर. वॉरंट निघायला किती दिवस लागतात? क्लार्क मलाही नुसती पुढची तारीख सांगतो.

निवृत्त_बेंचक्लार्क

चेकवाले, तुमची केस फौजदारी आहे, वेगळा धागा काढा. इथे मिसळलं तर दोघांचाही घोटाळा होईल.

कृष्णाकाठ, आधी कॅलेंडर बघा. १२ ला दुसरा शनिवार आहे. त्या दिवशी नेहमीचं कोर्ट बसत नाही, राष्ट्रीय लोकअदालत मात्र बहुधा शनिवारी भरते. तुमचं मॅटर घरातलं भांडण आहे, त्यामुळे तडजोडीसाठी तिकडे ठेवलं असावं आणि ॲपवर जवळची तारीख उमटली असावी. क्लार्कला दोनच गोष्टी विचारा: "लोकअदालतीची नोटीस आहे का?" आणि "७ च्या रोजनाम्यात कोणती तारीख लिहिली आहे?" रोजनामा म्हणजे कोर्टाची त्या दिवसाची नोंद, तिचा फोटो मागितला तर क्लार्क देतात, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. साहेब रजेवर असले की प्रभारी कोर्ट अख्ख्या बोर्डाला तारखा देतं, आणि घाईत ऐकताना-लिहिताना चूक होते. खात्री होईपर्यंत लवकरची तारीख धरून चालायचं.

कृष्णाकाठ

१२ ला नाही गेलो तर दावा काढून टाकतात का? गावात एकाने तसं सांगितलं.

निवृत्त_बेंचक्लार्क

नाही. लोकअदालतीत तडजोड झाली नाही किंवा कोणी आलंच नाही तर प्रकरण मूळ कोर्टात परत येतं. दावा काढला जाण्याची भीती आहे ती नेहमीच्या तारखेला. वादी आणि वकील दोघेही नसले, प्रतिवादी हजर असला, तर दावा गैरहजेरीत निघू शकतो. मग ३० दिवसांत कारण देऊन पुन्हा उभा करून घ्यायचा अर्ज. तडजोडीला मात्र सही करताना जपून, त्यावर अपील नाही.

ॲड_तालुका

रावसाहेबांचं अर्धं बरोबर आहे. मुखत्यार दावा दाखल करू शकतो, अर्जांवर सह्या करू शकतो, तारखेला उभा राहू शकतो. पण जे वडिलांना स्वतःला माहीत आहे त्याची साक्ष वडिलांच्या जागी मुखत्यार देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानकी भोजवानी प्रकरणात, २००४ मध्येच हे स्पष्ट केलेलं आहे. वाटणी कधी झाली, कोण कुठलं रान कसत होतं, हे तुमच्या वडिलांनी पाहिलेलं. तुम्ही पिंजऱ्यात उभे राहिलात तर समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल, "वाटणी झाली तेव्हा तुमचं वय काय?" आणि तिथेच संपलं. क्लार्कने "अण्णांना आणा" म्हटलं ते यासाठी.

२४ ला बहुतेक असं होईल: सरतपासणीचं शपथपत्र, म्हणजे वडिलांची लेखी साक्ष, दाखल होईल, वडील पिंजऱ्यात जाऊन सही आपली आणि मजकूर खरा असं सांगतील, कागदांना निशाणी, म्हणजे पुराव्यातला नंबर, पडेल, आणि समोरचे उलटतपासासाठी पुढची तारीख घेतील. पण समोरचा वकील तयार असेल तर उलटतपास त्याच दिवशी सुरू होऊ शकतो. म्हणून दोन दिवस आधीचं ऑफिसचं बोलावणं चुकवू नका.

तिथे शपथपत्र वडिलांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आम्ही वकील मंडळी लिहितो आमच्या भाषेत, आणि उलटतपासात पहिला प्रश्न येतो, "हे कोणी लिहिलं?" त्यावर "वकिलांनी लिहिलं, मला माहीत नाही" असं उत्तर गेलं की पुढचा पुरावा खिळखिळा होतो. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा चुकीची असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या, सहीनंतर नव्हे. पिंजऱ्यात चिठ्ठी बघता येत नाही, उलटतपास चालू असताना वकिलांना विचारताही येत नाही. चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीत आधी टाका. मशीनचे सेल संपल्यामुळे भलत्याच प्रश्नाला "हो" म्हणालेला साक्षीदार मी पाहिलाय.

कृष्णाकाठ

आणि कागद?

ॲड_तालुका

सातबारा, आठ-अ, फेरफार यांच्या तलाठ्याच्या सहीच्या किंवा महाभूमीच्या पोर्टलवरच्या डिजिटल सहीच्या प्रती चालतात. साधी झेरॉक्स किंवा फुकट दिसणारा सातबारा नको, त्यावर तसं छापलेलंच असतं. जुने हस्तलिखित फेरफार लागले तर तहसील कार्यालयातून सही-शिक्क्याची नक्कल काढा. तिला वेळ लागतो, २४ च्या आधी मिळायची असेल तर उद्याच अर्ज द्या.

खरी अडचण वाटणीच्या यादीची आहे. झेरॉक्सला निशाणी देऊ नका, असा आक्षेप येणारच. मूळ काकांकडे आहे, तर ती हजर करा अशी नोटीस त्यांना आधी द्यावी लागते. दिली आणि त्यांनी हजर केली नाही, तर झेरॉक्सवर दुय्यम पुरावा म्हणून मागणी करता येते. नोटीस गेली आहे का, हे क्लार्कला आजच विचारा. शिवाय यादीवर पंचांच्या सह्या असतील तर त्यातलं कोणी हयात आहे का, ते शोधा.

रावसाहेब_क

मुखत्यारपत्राचं समजलं. माझ्या केसमध्ये साक्षच झाली नाही, तडजोड झाली, म्हणून लक्षात आलं नसेल. पण वडिलांना नाहीच झेपलं तर?

ॲड_तालुका

डॉक्टरांच्या दाखल्यासह कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज करता येतो, कमिशनर घरी येऊन साक्ष नोंदवतो. पण नुसते गुडघे दुखतात म्हणून मिळेलच असं नाही. समोरचे विरोध करतात, खर्चही आपल्यालाच भरावा लागतो. मी असते तर आधी ज्येष्ठ नागरिक म्हणून सकाळी लवकर पुकारा करण्याची विनंती केली असती.

कृष्णाकाठ

क्लार्कशी बोललो. रोजनाम्यात २४ च आहे, १२ लोकअदालतीची निघाली. यादीची नोटीस गेली नव्हती, वकील उद्या अर्ज करतो म्हणाले. एका पंचाचा मुलगा सापडलाय, स्वतःच्या वडिलांची सही ओळखतो म्हणतो. १२ ला जाऊन काकांशी बोलावं का, यावर घरात दोन तट पडलेत. आई म्हणते जा, अण्णा नको म्हणतात.