अनुभव धागा: डब्बा टीव्हीवर मोबाईलचा व्हिडिओ आणि पळणारं चित्र

माजघर:
गावी आजोबांचा २१ इंची डब्बा टीव्ही अजून ठणठणीत आहे. त्यांना पणतीच्या बारशाचा व्हिडिओ मोबाईलवर नीट दिसत नाही म्हणून म्हटलं टीव्हीवर लावू. पहिला गंडा इथेच, माझ्या फोनच्या टाईप-सी मधून चार्जिंग होतं पण चित्र बाहेर येतच नाही, हे अडॅप्टर विकत घेतल्यावर कळलं. मग भावाचा फोन घेतला, त्याला टाईप-सी टू एचडीएमआय, त्याच्यापुढे एचडीएमआय टू एव्ही ची छोटी डबी, डबीला चार्जर, आणि पिवळी-पांढरी पिन टीव्हीला. चित्र आलं! पण ब्लॅक अँड व्हाईट आणि सारखं वर पळतंय, मधे आडवी काळी पट्टी, पट्टीच्या वर बाळाचे पाय आणि खाली डोकं. आजोबा म्हणे "पाळणा जोरात हलवतायत वाटतं". कोणी हे केलंय का, अनुभव लिहा.

पिन_पिवळी:
पिन सैल असेल. माझी तशीच होती, दाबून धरली की थांबायचं. नाहीतर डबीला करंट कमी पडतोय, चार्जर बदलून बघ.

घाटावरचा:
माझं उलटं आहे, टीव्हीत चित्र स्थिर पण मोबाईलने शूटिंग केलं की काळे पट्टे सरकताना दिसतात. प्रो मोडमधे शटर १/५० केलं की बरंच थांबतं.

माजघर:
दादा ते वेगळं, इथे डोळ्यालाच पळताना दिसतंय 😄 पिन घट्ट आहे, चार्जरही बदलला. फरक शून्य.

जुनासोल्डर:
टीव्ही रिपेअरिंगमधे बरीच वर्षं गेली माझी. रंग गेलेत आणि चित्र पळतंय, दोन्ही एकदम, म्हणजे आधी डबीच्या कडेचं सरकवायचं बटण बघ, एका बाजूला पॅल आणि एका बाजूला एनटीएससी असतं. तुझं एनटीएससीवर असणार. ते सेकंदाला ६० वेळा पडदा भरतं आणि आपल्याकडचे जुने सेट ५० वेळाच्या हिशोबाने बनवलेत, त्यामुळे टीव्हीला चित्र कुठे सुरू होतं तेच पकडता येत नाही. ती काळी पट्टी म्हणजे दोन चित्रांमधली मोकळी जागा, एरवी ती पडद्याबाहेर लपलेली असते. रंगाचा सिग्नलही दोन्हीत वेगळा, म्हणून रंग नाही. नंतरच्या बऱ्याच सेटना दोन्ही चालतं, तिथे हा त्रास होत नाही. बटण सरकवल्यावर डबीची पॉवर काढून परत लाव, काही डबड्या त्याशिवाय ऐकत नाहीत.

काकूऑनलाईन:
आमच्याकडे मिस्टरांनी ते बटण बघितलंच नाही, टीव्हीच्या मागे व्ही-होल्डची चकती होती ती फिरवत बसले. चित्र थांबलं की हो! पण बुटकं, वर-खाली काळी जागा, आणि रंग काही आले नाहीत. वर रात्री सेट-टॉप बॉक्स लावला तर सासूबाईंची मालिका पळायला लागली, तो आठवडा घरात काय वातावरण होतं विचारू नका.

जुनासोल्डर:
@काकू बरोबर, चकतीने टीव्हीला ६० वर ओढून नेलं, मग ५० वाला बॉक्स सुटणारच. म्हणून चकतीला हात लावायच्या आधी एकच करायचं, त्याच एव्ही पिनेत सेट-टॉप बॉक्स लावून बघायचा. तो स्थिर असेल तर टीव्ही निर्दोष, डबी बघा.

पायवाट:
माझा फोन नव्हता, पिवळी पिन थेट लागणारा पहिल्या पिढीतला रास्पबेरी पाय होता. त्यातही आपोआप एनटीएससीच येतं. config.txt मधे ही एक ओळ टाकली आणि रंग-बिंग सगळं जागेवर:

```
sdtv_mode=2
```

माजघर:
अहो एनटीएससीवरच होतं ते!! बटण इतकं बारीक की सेफ्टी पिनने सरकवावं लागलं. नुसतं सरकवून काही झालं नाही, पॉवर काढून लावल्यावर आधी चित्र थांबलं आणि क्षणात रंग आले, आत्याची हिरवी पैठणी बघून आजोबा खूश. आता सगळे उंच-बारीक दिसतायत कारण आडवं चित्र चौकोनात दाबलंय, पण त्यावर घरच्या बायकांची काही तक्रार नाही 😂

पिन_पिवळी:
म्हणजे पिन नव्हती तर.

माजघर:
नव्हती. पण एक राहिलंय, तासभर चालल्यावर मधेच एकदा चित्र उडी मारतं आणि परत बसतं. सेट-टॉप बॉक्सवरही तेच.

जुनासोल्डर:
दोन्हीवर होतंय म्हणजे आता टीव्हीकडे बोट. सेट तापला की व्हर्टिकल सेक्शनमधले वाळलेले कपॅसिटर असं करतात, पण कोरडा सांधाही असू शकतो, बघितल्याशिवाय नाही सांगत. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नकोस, प्लग काढल्यावरही ट्यूबमधे हजारो व्होल्ट शिल्लक असू शकतात. तुमच्या बाजूला अजून कोणी डब्बा टीव्ही करतो का?

माजघर:
तालुक्याला एक होते, आता मोबाईलचे कव्हर विकतात. विचारून बघते.