टेसच्या आईच्या तोंडी कोणती मराठी घालायची?

विहिरीकाठ: हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स'चं (१८९१) भाषांतर करतेय. त्यातली डॉर्सेटची खेड्यातली माणसं जी बोली बोलतात, ती मराठीत कशी आणायची? प्रमाण मराठीत घातली की सगळे सदाशिव पेठेत राहायला आल्यासारखे वाटतात. गावाकडच्या मराठीत घातली की वाचक एकतर हसतो, नाहीतर अडखळतो.

पऱ्हाटी: सरळ वऱ्हाडी द्या. थोडं इकडचं, थोडं तिकडचं असं मिश्रण केलंत तर ती सिनेमातली खेडवळ भाषा होते. ती कुठल्याच गावात कुणी बोलत नाही आणि चेष्टा तिथूनच सुरू होते. खऱ्या बोलीला स्वतःचं व्याकरण असतं, त्यामुळे पात्राला मान राहतो.

ओळीमधलं: मिश्रणाबद्दल पऱ्हाटी यांचं म्हणणं रास्त आहे, उपायाबद्दल नाही. वऱ्हाडी दिलीत की अकोल्याचा वाचक अकोलाच ऐकतो. मग 'ब्लॅकमूरच्या खोऱ्यात काऊन गेल्ता?' असं वाक्य येतं आणि गावाचं नाव आणि क्रियापद एकमेकांकडे बघत बसतात. शिवाय मराठीत बोली आली की नुसता जिल्हा कळत नाही, वाचक लगेच जातही लावतो. टेसच्या आईला, जोन डर्बीफील्डला, नसलेली जात चिकटवून आपण मोकळे होतो.

दुसरी अडचण लिपीची. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून 'डोळा' 'डोया' होतो, तो कळतो. पण 'काळा'चा 'काया' झाला की वाचक 'शरीर' वाचतो. देशावरच्या बोलीत 'ण'चा 'न' केलात की 'मण'चं 'मन' होतं आणि 'कोण' हा भूमितीतला 'कोन' होतो. बोलताना संदर्भ आणि सूर सांभाळून घेतात, कागदावर वाचक ओळीवर परत जातो. म्हणून माझा पहिला नियम असा: 'ण' आणि 'ळ' यांना हात लावायचा नाही.

खुद्द हार्डीचं मत इथे कामाचं आहे. त्याने १८७८ साली 'अथेनियम' साप्ताहिकात या विषयावर पत्र लिहिलं होतं. प्रमाण भाषा छापताना आपण उच्चाराप्रमाणे लिहीत नाही. मग फक्त खेडूत पात्राचा उच्चार हुबेहूब छापला तर त्याच्यातलं विचित्रच तेवढं ठळक होतं आणि तोल जातो, असा त्याचा मुद्दा. मराठीत ताडून बघा. 'म्हणजे' आपण सगळेच 'म्हंजे' म्हणतो, प्राध्यापकसुद्धा. तरी 'म्हंजे' छापतो तो फक्त गड्याच्या तोंडी. तिथे आपण त्याचा उच्चार दाखवत नसतो, त्याला अडाणी ठरवत असतो. अशी रूपं हस्तलिखितातून शोधून काढा.

विहिरीकाठ: मग उरतं काय? उदाहरण घेऊन सांगाल का? तिसऱ्या प्रकरणातलं टेस आणि आईचं बोलणं चालेल. बाप पिऊन गाडीतून मिरवत आला, त्यानंतरचा प्रसंग.

ओळीमधलं: उत्तम जागा. टेस आईला विचारते की बापानं आज त्या गाडीत स्वतःचं 'मॉमेट' करून घेतलं त्याचा आई सांगायला निघालेल्या बातमीशी काही संबंध आहे का. 'मॉमेट' म्हणजे बुजगावणं. इंग्रजी वाक्यात 'त्या'साठी 'थिक' आहे आणि बापाला 'ही'ऐवजी 'अर' म्हटलंय. बोलीचे एवढेच काटे, बाकीचं वाक्य साधं आहे. मराठीतला पहिला खर्डा बहुतेकांचा असा होतो:

'बानं आज त्या गाडीत बसून सोताचं बुजगावनं क्येलं, त्येचा ह्येच्याशी काय संमंद हाय व्हय? कशापायी क्येलं त्येनं? मला तर लाजेनं भुईत शिरावं वाटत व्हतं!'

मोडलेली रूपं मोजा: सोताचं, बुजगावनं, क्येलं दोनदा, त्येचा, ह्येच्याशी, संमंद, हाय, व्हय, त्येनं, व्हतं. अकरा. मुळात तीन-चार काटे आहेत. आता हे बघा:

'बा त्या गाडीत बुजगावण्यागत मिरवत होता, त्याचंच हे सारं हाय का? कशापायी केलं त्यानं असं? मला तर भुईत शिरावं वाटलं!'

मोडलेलं रूप फक्त 'हाय'. गाव उभं राहतं ते 'बा', '-गत', 'कशापायी', 'भुई' या शब्दांनी, आणि हे शब्द कुणाला शब्दकोशात बघावे लागत नाहीत. आईचं उत्तर थोडं दाट करा, कारण ती कायम बोलीच बोलते: 'त्यातलंच हाय ते बी! अगं, आख्ख्या मुलखात आपल्याएवढं थोर घराणं न्हाई, असं निघालंय.'

टेसचं मात्र वेगळं. ती गावातल्या शाळेत सहावी इयत्ता झालेली, बाई लंडनहून शिकून आलेल्या. हार्डी स्पष्ट सांगतो की ती दोन भाषा बोलते: घरी कमीअधिक बोली, बाहेर आणि मोठ्या लोकांशी साधी इंग्रजी. तुम्ही सगळ्या खेड्याला एकच दाट बोली दिलीत तर ही घडी दिसेनाशी होते आणि टेसच हरवते. म्हणून जोड्या ठरवा. आईशी 'कशापायी', तिच्या शिकलेल्या प्रियकराशी, एंजलशी, 'कशासाठी'. आईशी 'बा', एंजलशी 'वडील'. सात-आठ जोड्या पुरतात, पण त्या पुस्तकभर पाळल्या पाहिजेत. एंजलपुढे एखाद्या प्रसंगी तिच्या तोंडून 'कशापायी' निसटलं तर वाचकाला ते ऐकू जाईल. अर्थात त्याआधी दीडशे पानं शिस्त सांभाळलेली असेल तरच.

काळीशार: हे सगळं फार सोवळं चाललंय. वाचक अडखळतो म्हणजे कोणता वाचक? माझ्या तालुक्यातला वाचक 'क्येलं' वाचताना अडखळत नाही. 'अनभिज्ञ' वाचताना अडखळतो आणि त्याची काळजी कुणी केलेली पाहिली नाही. मराठीत बोलीतल्या कादंबऱ्या कित्येक दशकं छापल्या जातायत आणि लोक त्या वाचतायत. तुमच्या दुसऱ्या खर्ड्यातला एकटा 'हाय' म्हणजे मिसळीवर टाकलेली कोथिंबीर.

आणि सौम्य करण्याचा इतिहासही बघा. 'वदरिंग हाइट्स'मधला म्हातारा गडी जोसेफ याची यॉर्कशर बोली एमिली ब्रॉन्टीने १८४७ साली दाट लिहिली. ती वारल्यावर शार्लटने १८५० च्या आवृत्तीत, दक्षिणेकडच्या वाचकांना कळावी म्हणून, तिचे स्पेलिंग सोपे केले. आज बहुतेक संपादक १८४७ चाच पाठ घेतात.

ओळीमधलं: जोसेफचं उदाहरण चोख आहे, पण ते मूळ लेखिकेचं आहे. एमिलीने दाट लिहिलं म्हणून भाषांतरही दाट हवं, हे मान्य. हार्डीने विरळ लिहिलंय. त्याच्यापेक्षा दाट करणं म्हणजे शार्लटने केलं त्याच्याच उलट बाजूची ढवळाढवळ. 'कोणता वाचक' या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. 'क्येलं' मी ज्या कारणाने काढतो त्यात शहरी कान आहेच.

चंद्रभागा: याच विषयावर विचारते. मी अहिराणी संवाद असलेली कादंबरी हिंदीत करतेय. त्यासाठी भोजपुरी घेऊ का? संपादक म्हणतात घ्या.

पऱ्हाटी: ताई, तुमचं उलट्या दिशेचं आहे. पण भोजपुरी नको. खानदेशातला माणूस बलियाचा होईल. आता तुम्ही म्हणाल, मग वऱ्हाडी कशी चालते? बरोबर, मीच माझ्या सापळ्यात सापडलो.

खिळाजुळारी: मुद्रितं तपासणारा म्हणून दोन गोष्टी, ज्या इथे कुणी बोललं नाही.

एक, निवेदक. संवाद कितीही सांभाळून लिहा, पण शेजारी 'ती उद्गारली', 'तिने पृच्छा केली' असं निवेदन असेल तर 'न्हाई' आपोआप विनोदी वाटतं. संवाद तसाच ठेवून निवेदन 'ती म्हणाली', 'तिने विचारलं' एवढं खाली आणा आणि तेच पान पुन्हा वाचा. निम्मी चेष्टा गेलेली असते. हार्डीचं निवेदन जड आहे, ठाऊक आहे. ते जड वर्णनात ठेवा, संवादाला चिकटलेल्या क्रियापदात नको.

दोन, यादी. तपासणारा माणूस सवयीने 'हाय'चं 'आहे' करतो. कंटाळा आला की सोडून देतो. मग जोन पान ४० वर 'हाय' म्हणते आणि ४३ वर 'आहे'. वाचकाला वाटतं, यातही काही अर्थ असेल. हस्तलिखितासोबत एक पान द्या: कोण, कुणाशी, कोणती रूपं. आणि त्या पानावर नसलेलं मोडकं रूप दिसलं तर ते चूक समजावं, असं स्पष्ट लिहा.

काळीशार: निवेदकाचं पटलं. मी म्हणतो तेच आहे ते, दुसऱ्या टोकाने. बोली खाली आणण्यापेक्षा प्रमाण खाली आणा.

विहिरीकाठ: यादी आज करायला घेते. तळटिपांचं काय? शेवटी शब्दसूची दिली तर?

खिळाजुळारी: वस्तूंसाठी द्या. दूधकामातली भांडी, मळणीयंत्राचे भाग, पेयं. पण 'कशापायी'ला टीप लागत असेल तर तो शब्दच चुकलाय.

विहिरीकाठ: एक गाठ सुटत नाहीये. पहिल्या प्रकरणात पाद्री टेसच्या बापाला, डर्बीफील्डला, 'सर जॉन' म्हणतो आणि हा गडी एकदम सरदार होतो. रस्त्याकडेला आडवा पडून पोराला हुकूम सोडतो. इथे तर हार्डीलाच हसवायचंय. मग बोली दाट करायला हरकत काय?

ओळीमधलं: तो पोरगा काय उत्तर देतो ते बघा. मला 'पोरा' म्हणून हुकूम सोडणारा तू कोण, तुला माझं नाव ठाऊक आहे जसं मला तुझं. तोही त्याच गावचा, त्याच बोलीचा. म्हणजे विनोद दोघांच्या बोलीत नाही, एकाच्या तोऱ्यात आहे. दोघांची बोली सारखीच ठेवा आणि बापाच्या वाक्यांत फक्त हुकमाचे मोठे शब्द घाला: 'घोडा-गाडी ताबडतोब हजर कर.' पोराच्या उत्तरात 'ऐ जॉन, तू कोण लागून गेलास?' एवढं पुरे. मोडलेलं रूप एकही नाही.

काळीशार: 'लागून गेलास' छान. पण तो पोरगा 'तू' म्हणेल की 'तुमी'? बाप्या पोराहून बराच मोठा आहे.

ओळीमधलं: मूळ इंग्रजीत ते उघड नाही. मी 'तू' घेतलं कारण तो चिडलाय.

काळीशार: चिडला तरी आमच्याकडे वडीलधाऱ्याला 'तुमी'च. तुमच्या त्या 'तू'ने पोरगा शहरी झाला.

विहिरीकाठ: म्हणजे 'तुम्ही कोण लागून गेलात?' हे मोठ्याने वाचून बघते. दोन्ही खर्डे एक कोल्हापूरकडच्या आणि एक नागपूरच्या वाचकाला देणार आहे. मी पुढ्यात बसून फक्त ते कुठे हसतात तेवढ्या जागांवर खुणा करीन.