मदत हवी आहे: चोराला गल्लीत मारलेली दुसरी काठी स्वसंरक्षणात बसते का?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, सुदामा नगरला राहतो. मागच्या आठवड्यात रात्री अडीचला मागच्या दाराची कडी तोडून एकजण घरात शिरला, हातात लोखंडी सळई, दादाने काठी त्याच्या मनगटावर हाणली, सळई पडली, तो भिंतीवरून उडी मारून पळाला. इथवर ठीक आहे, रात्रीच्या घरफोडीत बीएनएसचं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ स्वसंरक्षणाचे भरपूर अधिकार देतं, पण तो घुसखोर घरात असेपर्यंतच.

पुढचंच अडलंय. दादा त्याच्यामागे गल्लीत धावला, तो पाय घसरून पडला आणि दादाने पायावर अजून दोन काठ्या घातल्या. हाड मोडलं, म्हणजे 'गंभीर दुखापत', आता दादावर कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा. आई दोन दिवस नीट जेवली नाहीये.

पण आईचा मोबाईल त्याच्या खिशात निघाला! कलम ४३ म्हणतं की चोरीत वस्तू परत मिळेपर्यंत किंवा चोर ती घेऊन निसटेपर्यंत हक्क चालू राहतो. मग गल्लीतही हक्क होताच ना? की कलम ३७ आडवं येणार, गरजेपेक्षा जास्त इजा नको, तो निःशस्त्र आडवा पडलेला? मला पहिली काठी योग्य वाटते, शेवटचीची खरंच भीती वाटते.

हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर असतं म्हणे, तर तुटलेली कडी, सळई आणि समोरच्यांच्या कॅमेऱ्याचं फुटेज यातलं आधी काय सांभाळू? फौजदारी वकिली करणारं कोणी असेल तर प्लीज सांगा.