मदत हवी आहे : केळ्याचा ब्रेड तळाशी चिकट का राहतो?

नमस्कार. २०० ग्रॅम मैद्याच्या माझ्या ब्रेडला वरून छान रंग येतो, पण कापल्यावर तळाशी बोटभर जाडीचा, ओलसर, रबरासारखा थर दिसतो. गेल्या खेपेस काळी पडलेली चार केळी कुस्करून वजन केले, तर कृतीतल्या २५० ग्रॅमऐवजी गर ३८० ग्रॅम भरला, त्यामुळे जास्तीचे पाणी हे एक कारण मला पटते. मात्र त्याच मिश्रणाच्या मफिनमध्ये उभी लांबट भोकेही पडली, आणि ती मैदा घातल्यावर फार ढवळल्याची खूण असते. शिवाय ओटीजी लहान असल्याने मधल्या खाचेतल्या जाळीवरही टिन वरच्या रॉडजवळ येतो. आधी जाळी खाली घ्यावी, की गर मोजून, मैदा दिसेनासा होताच ढवळणे थांबवून पाहावे? कृपया सांगावे.