पॉडकास्टवर पाहुणे म्हणून स्वतःहून विचारलंय का? अनुभव सांगा

सांगलीहून, धागा काढणारी
घरच्या राजापुरी हळदीची पूड विकते. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईच्या गृहिणी. स्वयंपाकाच्या एका मुलाखतमालेला 'मला बोलवा' असं लिहायचंय. तुम्ही काय लिहिलंत? ऑर्डरी आल्या का?

तासगावहून
माझी माती-देठ तपासणीची लॅब आहे. आधी एका उद्योजकांच्या पॉडकास्टला गेलो. फोन भरपूर आले, पण सगळे 'लॅब काढायला भांडवल किती लागतं' विचारणारे. बागायतदार एकही नाही. तेव्हापासून आधी जुन्या पाच-सहा भागांखालच्या कमेंटी वाचतो. ऐकणारं कोण आहे ते तिथंच कळतं.

मग द्राक्षावरच्या एका पॉडकास्टला दोन पानी परिचय पाठवला. उत्तर नाही. महिन्याने पुन्हा लिहिलं, ते असं:

'नमस्कार. तुमच्या खत नियोजनाच्या भागाखाली तिघांनी विचारलंय, देठ कुठल्या पानाचा काढायचा. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. पान चुकलं की रिपोर्ट फसतो. हे बागेत वेलीवर दाखवतो. नमुना चुकल्यामुळे फसलेले तीन रिपोर्टही आणतो, नावं झाकून. मी कसा बोलतो त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत आहे.'

दुसऱ्या दिवशी फोन आला. मी एवढंच मागितलं की भाग ऑक्टोबर छाटणीच्या सुरुवातीला यावा. फुलोरा सरल्यावर ऐकून शेतकरी नमुना काढणार कधी? त्या भागापुरता वेगळा व्हॉट्सअॅप नंबर दिला होता. त्यावर ४१ जणांनी विचारलं, १७ नमुने आले.

साताऱ्याहून
एवढं कशाला बघायचं? सबस्क्रायबर जास्त असतील तिथं जावं. आमचे कंदी पेढे एका मोठ्या चॅनेलवर आले, आठवडाभर दुकानात गर्दी होती.

तासगावहून
पेढा कोणीही खातो, म्हणून तुमचं जमलं. देठ तपासायला बाग लागते.

वाईहून
मलाही पॉडकास्ट सुरू करायचंय. माईक कुठला घेऊ?

सांगलीहून, धागा काढणारी
दादा, इथं दुसऱ्याच्या कार्यक्रमात जाण्याबद्दल चाललंय. माईकचं वेगळं विचारा, सांगतील कोणीतरी.

मिरजेहून
आम्ही तंबोरे बनवतो. एका मुलाखतवाल्यांनी हो म्हटलं आणि तारीख ठरल्यावर पंधरा हजार मागितले. नको म्हटलं. नंतर गाणं शिकवणाऱ्या एका ताईंच्या छोट्या मालिकेत गेलो. जवारी काढण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आवाज ऐकवले. ऐकणारे थोडे, पण सगळे शिकणारे. दोन तंबोरे गेले. तरी पैसे देऊन मोठ्या ठिकाणी जावं का, हे घरात अजून चालूच आहे.

तासगावहून
पैसे मागितले तर आधी पैसे देऊन गेलेल्या दोन पाहुण्यांना फोन करा. ऑर्डरी किती आल्या ते विचारा.

सांगलीहून, धागा काढणारी
आत्ताच त्या स्वयंपाकाच्या मालिकेखालच्या कमेंटी चाळल्या. चौघींनी विचारलंय, हळदीतली भेसळ घरी कशी ओळखायची, आणि उत्तर कुणीच दिलेलं नाही. हेच धरून आज लिहू, की आमची नवी हळद निघेपर्यंत थांबू? जुना माल थोडाच उरलाय.