मदत हवी आहे : धुक्यातल्या कड्यावर बाबा चिकटवल्यासारखे दिसतात

राजमाचीला मनरंजनवरून पावसाळ्यात श्रीवर्धनचा फोटो काढला. बाबांना गुडघ्यांमुळे चढता येत नाही, म्हणून गच्चीवरच्या फोटोतून कापून त्यांना त्या तटावर छोटंसं उभं करतोय. फोटोशॉप वापरतो.

आधी ऑपॅसिटी कमी केली, तर तटाची कडा त्यांच्या अंगातून दिसू लागली. मग त्यांच्याच अंतरावरच्या झाडीतली सर्वांत गडद सावली आयड्रॉपरने मोजली : लाल 114, हिरवा 120, निळा 127. लेव्हल्समध्ये प्रत्येक चॅनलचा आउटपुट ब्लॅक तिथे आणला. केस, पँट छान मिसळले. पांढरा सदरा मात्र अजून 255 वर लखलखतोय.

मागचं धुकं 190, 200, 212 आहे. म्हणजे सावलीत साधारण 60 टक्के धुकंच आहे. त्या हिशेबाने सदरा 216, 222, 229 वर उतरायला हवा. मग आउटपुट व्हाइटही चॅनलनुसार खाली आणू, की धुक्याच्या रंगाचा 60 टक्क्यांचा थर बाबांवर क्लिप करू? माझ्या मते दोन्हींचा परिणाम एकच.

खरी अडचण पायांची आहे. तिथे धुकं दाट आहे, पण मास्कने पाय विरवले की धुक्याऐवजी मागचा दगड दिसतो. तिथे काय करता? खूप मनापासून करतोय, कृपया सांगा.