उरलेल्या कामाचा अंदाज

> ६० टास्क बाकी, त्यातल्या ३८ ना एस्टिमेटच नाही. आम्ही चौघं, सहा आठवडे, तारीख हलणार नाही. मॅनेजरला काय सांगू?

एस्टिमेट असलेल्या २२ टास्कची सरासरी बाकीच्यांना लावू नका. सोप्या कामांना आधी आकडे पडतात, अवघड तशीच लोंबकळतात. त्यापेक्षा ३८ मधून चिठ्ठ्या टाकून आठ उचला आणि फक्त त्यांचाच अंदाज करा. समजा १, १, २, २, २, ३, ५, ८ दिवस आले. सरासरी ३, म्हणजे ३८ ना साधारण ११४ दिवस. (मधला आकडा २ धरलात तर ७६च दिसतील, तो ८ वालाच घात करतो.) २२ टास्कचे ४० असतील तर एकूण १५४.

चौघांचे कागदावर १२० दिवस. मीटिंगा, सपोर्ट वजा करून ७० टक्के हाती लागले तर ८४. मध्ये गणपती आले तर आणखी कमी, विसर्जनाला पुण्यात कोण ऑफिस गाठतंय!

ताळा म्हणून मागचे काही आठवडे बघा. दर आठवड्याला ९ बंद आणि ३ नव्या होत असतील, तर निव्वळ ६. म्हणजे दहा आठवडे. वरच्या हिशेबाने सहा आठवड्यांत ८४ म्हणजे आठवड्याला १४ दिवस, त्यामुळे १५४ ला अकरा आठवडे येतात, आठच नमुन्यांवरून एवढं जुळलं तरी पुष्कळ. मॅनेजरला दोन्ही हिशेब दाखवा आणि त्या तारखेला कुठली निम्मी कामं हवीत ते याच आठवड्यात ठरवून घ्या.